हरवलं एकच पॅकेट, मग तक्रारी आठशे कशा?

नेट हळू चालतंय म्हणून कुणीतरी वायरशार्क उघडतं. नेटवर्कवरून जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट एकेका ओळीत दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर. मोठी फाइल उतरत असताना पडद्यावर अचानक काळ्या पट्ट्यांवर लाल अक्षरांची रांग लागते:

```
[TCP Dup ACK 48#1]
[TCP Dup ACK 48#2]
[TCP Dup ACK 48#3]
```

हा `#` पुढचा आकडा तीनवर थांबत नाही. कधी पन्नास, कधी दोनशे, कधी आठशेच्याही पुढे जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याची समजूत होते, की शेकडो पॅकेटं हरवली आणि लाइन पार बिघडली आहे. मग स्क्रीनशॉट काढून इंटरनेट कंपनीला पाठवला जातो. पण त्या आठशे ओळींमागे बहुधा एकच हरवलेलं पॅकेट असतं, आणि उरलेल्या ओळी खरं तर पॅकेटं सुखरूप पोचल्याच्या खुणा असतात. हे कसं, ते समजलं की टीसीपी नावाच्या यंत्रणेतली एक फार हुशार युक्ती समजते.

## पोच नेमकं काय सांगते

वेबपान, ईमेल, फाइल यांतलं बरंच काही टीसीपीच्या नियमांनी प्रवास करतं. फाइलचे छोटे तुकडे होतात, एका तुकड्यात साधारण 1460 बाइट मावतात, आणि प्रत्येक तुकड्यावर त्याच्या पहिल्या बाइटचा क्रमांक असतो. या तुकड्याला सेगमेंट म्हणतात. आपण इथे पॅकेटच म्हणू. वाटेतली यंत्रं, म्हणजे राउटर, पॅकेट पुढे ढकलण्याचा प्रयत्न करतात, पण हमी देत नाहीत. राउटरमधली रांग भरली की नवीन आलेलं पॅकेट सरळ टाकून दिलं जातं. ‘तुमचं पॅकेट टाकलं बरं का’ असं कुणी कळवत नाही.

म्हणून पॅकेट मिळालं की घेणारा पोच पाठवतो. या पोचेलाच वायरशार्क ‘ॲक’ म्हणतं. गंमत अशी, की ही पोच ‘अमुक पॅकेट मिळालं’ असं सांगत नाही. ती सांगते, ‘इथपर्यंतचं सगळं सलग मिळालं, आता मला या क्रमांकाचा बाइट हवा.’

देवरुखचे एक गुरुजी आपल्या पुस्तकाचं हस्तलिखित पुण्याच्या छापखान्याला पोस्टाने पाठवताहेत असं समजा. प्रत्येक पान वेगळ्या पाकिटात. पाकीट हाती पडलं, की छापखान्यातला माणूस एक कार्ड टाकतो आणि त्यावर एवढंच लिहितो: ‘पुढचं हवं असलेलं पान : 4.’ याचा अर्थ पानं 1 ते 3 मिळाली. आता पान 4 टपालात गहाळ झालं आणि पान 5 आलं. तो पान 5 ड्रॉवरमध्ये जपून ठेवतो, पण सलग जुळणी पान 3 वरच अडलेली असते, म्हणून कार्डावर पुन्हा लिहितो, ‘पुढचं हवं असलेलं पान : 4.’ पान 6 आलं, तरी तेच. पान 7 आलं, तरी तेच. गुरुजींच्या हातात एकसारखी कार्डं पडत राहतात. वायरशार्कमधल्या लाल ओळी म्हणजे हीच कार्डं.

## वाट बघत बसायचं, तर किती वेळ?

पॅकेट हरवलं हे ओळखायचा जुना आणि सरळ मार्ग घड्याळाचा. पॅकेट पाठवताना टायमर लावायचा. तो वाजेपर्यंत पोच आली नाही तर पॅकेट हरवलं असं धरून पुन्हा पाठवायचं. यालाच टाइमआउट म्हणतात.

अडचण टायमर किती वेळाचा लावायचा ही आहे. फार कमी लावला तर जरा उशिरा येणारी पोचही हरवल्यासारखी वाटेल आणि तेच तेच पॅकेट विनाकारण पाठवलं जाईल. हा नुसता पुस्तकी धोका नाही. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यात, जेमतेम 400 यार्डांच्या अंतरावर, नेटवर्कचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर घसरला. भरलेल्या वाटेवर जो तो पुन्हा पुन्हा पॅकेटं ओतत होता आणि वाट आणखी तुंबत होती. या प्रकाराचा छडा लावणाऱ्या व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये मायकेल कॅरल्स यांच्यासह जो निबंध लिहिला, त्यातून आजच्या टीसीपीचं वागणं ठरलं. पॅकेट हरवणं ही वाट तुंबल्याची खूण समजायची आणि वेग कमी करायचा, हे त्यातलं मुख्य सूत्र.

म्हणून टायमर मुद्दाम सैल ठेवतात. पॅकेट जाऊन त्याची पोच परत यायला लागणारा वेळ, म्हणजे फेरीचा वेळ, सतत मोजला जातो. त्याच्या सरासरीत चढउताराच्या चौपट वेळ मिळवला जातो. शिवाय आरएफसी 6298 हे नियमपत्र सांगतं, की हिशेब कितीही कमी आला तरी टायमर एका सेकंदाच्या खाली नेऊ नये. लिनक्स एवढा धीर धरत नाही. तिथे फेरीच्या वेळेवर किमान 200 मिलीसेकंदांची ढील ठेवतात. एक सेकंद माणसाला काहीच वाटत नाही. पण फेरी 100 मिलीसेकंदांची असेल, तर तेवढ्यात दहा फेऱ्या झाल्या असत्या. आणि टायमर वाजल्यावर टीसीपी असं धरतं, की वाटेची अवस्था आपल्याला काहीच माहीत नाही. मग एका पॅकेटपासून पुन्हा सुरुवात. पुन्हा पाठवलेलंही हरवलं, तर टायमर दुप्पट.

## कार्डं काय सांगतात

आता त्या एकसारख्या कार्डांकडे परत येऊ. गुरुजींनी घड्याळाकडे बघायची गरजच नाही. ‘पान 4 हवं’ हे कार्ड पुन्हा आलं, त्याअर्थी पान 4 नंतर निघालेलं काहीतरी छापखान्यात पोचलं आणि पान 4 मात्र पोचलेलं नाही.

एरवी टीसीपीत घेणारा थोडा आळशी असतो. दोन पॅकेटं मिळून एक पोच दिली तरी चालते, आणि एकच पॅकेट आलं असेल तर तो पोच थोडा वेळ राखूनही ठेवतो. पण क्रम मोडून पॅकेट आलं की हा आळस बाजूला ठेवून लगेच पोच द्यायची असते. मध्ये भोक पडल्याची बातमी ताबडतोब मागे जावी, म्हणूनच हा नियम.

अर्थात आकडा पुन्हा आला म्हणजे लगेच ती ‘तीच पोच’ ठरत नाही. पोचेसोबत स्वतःचा मजकूर येत असेल, किंवा ‘माझ्याकडे आता जास्त जागा आहे’ असं घेणारा त्यातून सांगत असेल, तर ती या मोजणीत धरत नाहीत. पाठवणाऱ्याची पॅकेटं वाटेवर असली पाहिजेत, आणि आलेल्या पोचेत जुन्या आकड्याखेरीज नवं काहीच नसलं पाहिजे.

## पहिल्याच कार्डाला का नाही पाठवायचं?

कारण पॅकेटं नेहमी पाठवलेल्या क्रमानेच पोचतात असं नाही. दोन वाटा असतील तर चौथं लांबच्या वाटेने गेलं आणि पाचवं, सहावं आधी पोचलं, असं घडू शकतं. अशा वेळी ‘4 हवं’ अशी दोन कार्डं निघतात, तेवढ्यात पान 4 येऊन पडतं आणि पुढचं कार्ड थेट ‘7 हवं’ म्हणतं. हरवलं काहीच नव्हतं. पहिल्या कार्डाला घाबरून पान परत पाठवलं असतं, तर एक पाकीट वाया गेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे, वाट तुंबली असं समजून वेगही उगाच कमी केला असता.

म्हणून मर्यादा तीन ठेवली. मूळ पोच एक, आणि तिच्यासारख्या आणखी तीन. तिसरी हाती पडली, की टायमरची वाट न बघता हरवलेलं पॅकेट तत्काळ पाठवायचं. याला फास्ट रिट्रान्समिट म्हणतात. तीन हा आकडा कुठल्या समीकरणातून पडलेला नाही. क्रमाच्या साध्या गडबडीला थोडी सवड मिळावी आणि खरं हरवलेलं पॅकेट फार वेळ अडकू नये, यांतली ती तडजोड आहे. ती इतकी टिकली, की टीसीपीला बाजूला सारून वेबवरची बरीच वाहतूक उचलणाऱ्या क्विकच्या नियमांतही शिफारस तीन पॅकेटांचीच आहे.

मात्र चौथं पॅकेट सातव्याच्याही मागे रेंगाळलं तर टीसीपी फसतं. हरवलं नसताना पुन्हा पाठवतं, वेगही कमी करतं. घेणाऱ्याला तेच पॅकेट दोनदा मिळतं. दोन्ही बाजूंनी आधीच तसं ठरवलं असेल, तर घेणारा ‘हे मला दोनदा मिळालं’ असं कळवतो आणि पाठवणारा पुढच्या वेळी जास्त धीर धरायला शिकतो. लिनक्समध्ये ही मर्यादा तीनपासून सुरू होते आणि वाट क्रम मोडणारी आहे असं दिसलं, की वाढते.

## एका हरवलेल्या पॅकेटचा हिशेब

आता हा प्रकार आकड्यांत बघू. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक पॅकेट 1000 बाइटांचं, फेरी 100 मिलीसेकंदांची, आणि दर 2 मिलीसेकंदांनी एक पॅकेट निघतं असं धरू. प्रत्येक पॅकेटची वेगळी पोच येते असंही धरू. पोच न आलेली किती पॅकेटं एकाच वेळी वाटेवर असू द्यायची, याची पाठवणाऱ्याने स्वतःला घातलेली मर्यादा म्हणजे विंडो. ती इथे 10 पॅकेटांची.

पॅकेटं 1 ते 10 निघाली आणि चौथं कुठल्यातरी राउटरने टाकून दिलं. 100, 102 आणि 104 व्या मिलीसेकंदाला पहिल्या तिघांच्या पोचा आल्या; शेवटची म्हणते ‘3001 वा बाइट हवा’. तीन जागा रिकाम्या झाल्या म्हणून पाठवणाऱ्याने 11, 12, 13 सोडली. आता वाटेवर 4 ते 13 अशी दहा पॅकेटं आहेत, निदान त्याच्या समजुतीने.

108 व्या मिलीसेकंदाला पाचव्या पॅकेटमुळे निघालेली पोच आली: ‘3001 हवा’. 110 ला सहाव्यामुळे तीच. 112 ला सातव्यामुळे तीच. तिसरी झाली. त्याच क्षणी चौथं पॅकेट पुन्हा रवाना होतं. घड्याळावर विसंबलं असतं, तर शेवटची नवी पोच आली त्या 104 पासून मोजून, एका सेकंदाच्या नियमाने 1104 व्या मिलीसेकंदाला ही हालचाल झाली असती. लिनक्सच्या हिशेबाने साधारण 404 ला. इथे 112 लाच काम झालं.

1988 मध्ये आलेल्या ‘ताहो’ या आवृत्तीत एवढं होतं. बर्कलीच्या युनिक्स प्रणालीच्या आवृत्त्यांवरून टीसीपीच्या या पिढ्या ओळखल्या जातात. पण ताहो पॅकेट पाठवायची घाई करून पुढे टाइमआउट झाल्यासारखंच वागायचं: विंडो थेट एका पॅकेटवर. चौथं पुन्हा पाठवलं, की त्याची पोच 212 ला येईपर्यंत नवीन काहीच पाठवायचं नाही. म्हणजे 100 मिलीसेकंद वाट रिकामी, आणि नंतर 1, 2, 4 असं हळूहळू चढायचं.

## प्रत्येक कार्ड म्हणजे एक पाकीट पोचलं

जेकबसन यांनी 1990 मध्ये पुढची पायरी सुचवली आणि ती ‘रेनो’ आवृत्तीत आली. तिचं नाव फास्ट रिकव्हरी. ती एका निरीक्षणावर उभी आहे, आणि मला तरी या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो.

‘पान 4 हवं’ या कार्डात तक्रार आहेच. पण ते कार्ड निघालं कशामुळे? दुसरं एक पान पोचलं म्हणून. पान पोचल्याशिवाय कार्ड निघतच नाही. म्हणजे प्रत्येक तक्रारीसोबत ‘तुझं एक पॅकेट वाटेवरून उतरून माझ्या ड्रॉवरमध्ये आलं’ ही चांगली बातमीही येते. कोणतं पॅकेट, ते कळत नाही. पण वाटेवरचा भार एकाने कमी झाला हे नक्की. वाट वाहती आहे. मग टाइमआउटसारखं सगळं थांबवायचं कारण काय? काहीतरी हरवलं आहे म्हणून वेग कमी करावा, पण शून्यावर कशाला यावं?

रेनोचा हिशेब असा. तिसरी सारखी पोच आली, की वाटेवर जेवढी पॅकेटं आहेत त्याच्या निम्मी हे नवं लक्ष्य. आपल्या उदाहरणात 10 ची निम्मी 5. विंडो मात्र लगेच 5 वर न आणता 5 अधिक 3, म्हणजे 8 वर ठेवतात. कारण तीन पोचा आल्या म्हणजे तीन पॅकेटं वाटेवरून उतरली. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक सारख्या पोचेमागे विंडो एकाने वाढते.

114 ला चौथी सारखी पोच आली, विंडो 9. 116 ला पाचवी, विंडो 10. पाठवणाऱ्याच्या खात्यात अजून दहा पॅकेटं बिनपोचेची आहेत, म्हणून नवीन सोडता येत नाही. इथे वेग कमी होतो, तो असा: काही पोचा नुसत्या गिळायच्या, त्यांच्या बदल्यात काही पाठवायचं नाही. 118 ला सहावी आली, विंडो 11, आणि पॅकेट 14 निघालं. पुढे 11, 12, 13 या पॅकेटांमुळे 200, 202 आणि 204 ला आणखी तीन सारख्या पोचा आल्या. विंडो 12, 13, 14 होत गेली आणि 15, 16, 17 निघाली.

तोवर पुन्हा पाठवलेलं चौथं पॅकेट पोचलेलं असतं. घेणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये 5 ते 13 तयारच होती, त्यामुळे भोक भरताच पोच एकदम उडी मारते: 212 व्या मिलीसेकंदाला ‘13001 हवा’. नवी पोच आली म्हणजे संकट टळलं. फुगवलेली विंडो आता खऱ्या लक्ष्यावर, 5 वर आणायची. वाटेवर 14 ते 17 ही चार पॅकेटं आहेत, म्हणून लगेच अठरावं सोडता येतं. वाट एका क्षणासाठीही पूर्ण रिकामी झाली नाही. इथून पुढे विंडो फेरीमागे एका पॅकेटने हळूहळू वाढते.

एक पॅकेट हरवलं आणि सारख्या पोचा नऊ आल्या, कारण त्याच्या मागून नऊ पॅकेटं पोचली. आता सेकंदाला 100 मेगाबिटची लाइन आणि 100 मिलीसेकंदांची फेरी घ्या. अशी वाट पूर्ण भरलेली असेल, तर 1460 बाइटांची साडेआठशेच्या आसपास पॅकेटं एका वेळी तिच्यावर असतात. त्यातलं एक गळलं, की मागची सगळी एकेक तक्रार पाठवणार. वायरशार्कमधला तो आठशेच्या पुढचा आकडा तिथून येतो. हल्लीची मशीन आलेली पॅकेटं गठ्ठ्याने वर देतात, गठ्ठ्यामागे एकच पोच जाते, त्यामुळे आकडा बऱ्याचदा कमी दिसतो. त्यावरून लाइन सुधारली असं समजू नये.

## मग घड्याळ मोडीत का काढलं नाही?

कारण कार्डं येण्यासाठी मागून पाकिटं जावी लागतात. पुस्तकाचं शेवटचंच पान हरवलं, तर त्याच्या मागे काहीच नाही. छापखान्यातून कार्ड निघणारच नाही. गुरुजी वाट बघत राहतात आणि शेवटी घड्याळच मदतीला येतं.

हे क्वचित घडतं असंही नाही. लहान वेबपानं, ॲपमधल्या छोट्या विनंत्या, पैसे भरल्याचं उत्तर, या गोष्टी दोनचार पॅकेटांत संपतात. तीन सारख्या पोचांसाठी हरवलेल्याच्या मागून किमान तीन पॅकेटं पोचायला हवीत. एकूण तीनच असतील, तर कुठलंही हरवलं तरी तीनचा आकडा गाठला जात नाही. 5 जीबीची फाइल उतरताना पॅकेट हरवल्याचं जाणवत नाही आणि साधं बटण दाबल्यावर मात्र चक्र फिरत राहतं, यामागे जी कारणं असतात त्यांत हे एक.

यावर वेळोवेळी ठिगळं लावली गेली. पहिल्या दोन सारख्या पोचांच्या वेळीही एकेक नवं पॅकेट सोडायची मुभा 2001 च्या आरएफसी 3042 ने दिली. विंडो छोटी असली तरी तिसरी पोच मिळायची शक्यता त्याने वाढते. पुढे शेवटच्या पॅकेटसाठी वेगळी सोय झाली. पाठवायचं काही उरलं नाही आणि पोचही येत नाही, तर साधारण दोन फेऱ्या थांबून शेवटचं पॅकेटच पुन्हा पाठवून बघायचं. तेवढ्याने समोरून कार्ड निघतं आणि घड्याळापर्यंत जावं लागत नाही. पण हे सगळं वाया गेलं, किंवा पुन्हा पाठवलेलं पॅकेटही हरवलं, तर जुन्या टायमरखेरीज आधार नाही.

## एकाच वेळी दोन हरवली तर?

राउटरची रांग भरते तेव्हा एकच पॅकेट पडावं असा काही नियम नाही. आपल्या उदाहरणात चौथ्यासोबत आठवंही पडलं असं समजा. चौथं पुन्हा पोचलं, की पोच येते ‘7001 हवा’. नवा आकडा आला, म्हणून रेनो खूश होऊन संकट संपलं असं धरतं आणि विंडो खाली आणतं. मग आठव्यासाठी पुन्हा तीन सारख्या पोचांची वाट. त्या आल्या, तर विंडो दुसऱ्यांदा निम्मी. आणि वाटेवर पुरेशी पॅकेटंच उरली नसतील, तर टाइमआउट. रेनोची ही कमजोरी प्रसिद्ध आहे.

‘न्यू रेनो’ने त्यावर सोपा उपाय केला. संकट सुरू झालं तेव्हा शेवटचं पाठवलेलं पॅकेट कोणतं, हे टिपून ठेवायचं. त्याच्या अलीकडेच अडलेली पोच आली, तर ती अर्धवट पोच; म्हणजे आणखी एक भोक आहे. तीन कार्डांची वाट न बघता ते लगेच भरायचं, आणि वेग पुन्हा कमी करायचा नाही. तरीही एका फेरीत एकच भोक कळतं. सहा पॅकेटं गेली असतील, तर 100 मिलीसेकंदांच्या फेऱ्यांनी 600 मिलीसेकंद.

खरा तोडगा कार्डावर जास्त लिहिण्यात आहे: ‘पान 4 हवं, 5 ते 7 आणि 9 ते 13 माझ्याकडे आहेत.’ ही सोय 1996 च्या आरएफसी 2018 मध्ये आली. तिला सॅक म्हणतात. जोडणी होतानाच दोन्ही बाजू ‘आम्हाला हे येतं’ असं एकमेकांना सांगतात. मग पाठवणाऱ्याला सगळी भोकं एकदम दिसतात. आज जवळपास सगळीकडे सॅक चालू असतं, त्यामुळे विंडो फुगवण्याचा वरचा हिशेब लिनक्स त्या स्वरूपात करत नाही. वाटेवर खरोखर किती पॅकेटं आहेत ते ते थेट मोजतं. कल्पना मात्र तीच. वेग निम्मा करण्याचा नियमही बदलला आहे. लिनक्समध्ये मुळात लावलेली क्युबिक पद्धत विंडो 70 टक्क्यांवर आणते.

गेल्या काही वर्षांत तर तीन ही मोजणीच मागे पडू लागली आहे. 2021 च्या आरएफसी 8985 मधली रॅक नावाची पद्धत कार्डं मोजत नाही, वेळ बघते: नंतर पाठवलेलं पोचलं आणि आधीचं त्यानंतर थोड्या सवडीतही पोचलं नाही, तर ते हरवलं. ही सवड सुरुवातीला किमान फेरीच्या पाव हिश्शाएवढी असते. क्रमाची गडबड करणाऱ्या वाटांवर ती तीनच्या नियमापेक्षा शहाणी ठरते. दोन फेऱ्या थांबून शेवटचं पॅकेट पाठवून बघण्याची सोयही याच नियमपत्रात आहे.

## आपल्या मशीनवर काय बघायचं

वायरशार्कमध्ये लाल ओळींची संख्या मोजण्यात अर्थ नाही. आधी ही दोन फिल्टर वेगवेगळी लावून बघा:

```
tcp.analysis.fast_retransmission
tcp.analysis.retransmission && !tcp.analysis.fast_retransmission
```

पहिल्यात पोचा पाहून तातडीने पाठवलेली पॅकेटं दिसतात. दुसऱ्यात उरलेली सगळी येतात. त्यांत ज्या पॅकेटच्या आधी 200 मिलीसेकंद किंवा जास्त शांतता आहे, ते बहुधा टायमर वाजल्यावर निघालेलं. वापरणाऱ्याला जाणवणारा अडथळा तिथे असतो. हे वर्गीकरण वायरशार्कने वेळेवरून केलेला अंदाज आहे, पाठवणाऱ्याच्या मनातलं त्याला कळत नाही, हेही ध्यानात ठेवावं. वायरशार्क घेणाऱ्याच्या बाजूला चालवलं असेल, तर सारख्या पोचांच्या आधी `TCP Previous segment not captured` ही ओळ शोधा. भोक तिथे पडलेलं असतं.

सर्व्हर लिनक्सचा आणि तुमच्या हातातला असेल, तर त्याहून भरवशाचं उत्तर खुद्द कर्नल देतो:

```
nstat -az TcpOutSegs TcpRetransSegs TcpExtTCPFastRetrans TcpExtTCPTimeouts
```

ही आज्ञा पाठवणाऱ्या मशीनवर चालवायची. फाइल उतरवणाऱ्या लॅपटॉपवर चालवली तर त्याने स्वतः पाठवलेल्या पॅकेटांचा हिशेब मिळेल, आणि आपल्याला हवं आहे त्याच्या उलट टोकाचं चित्र दिसेल. हे आकडे मशीन सुरू झाल्यापासूनचे असतात, म्हणून तक्रारीच्या वेळी थोड्या अंतराने दोनदा घेऊन वजाबाकी करावी. `TcpExtTCPFastRetrans` वाढतोय आणि `TcpExtTCPTimeouts` जवळजवळ तिथेच आहे, तर पॅकेटं हरवताहेत पण टीसीपी त्यातून वेळेत सावरतंय. वेग कमी मिळत असेल तर वाटेत रांग कुठे भरते ते शोधायचं. दुसरा आकडा पहिल्याच्या बरोबरीने पळत असेल, तर छोट्या विनंत्यांची शेवटची पॅकेटं पडताहेत का, वाट मधूनच पूर्ण बंद पडते का, किंवा मधल्या एखाद्या फायरवॉलने सॅकची सोय काढून टाकली आहे का, ते तपासावं लागतं. यातलं शेवटचं वायरशार्कमध्ये जोडणीच्या पहिल्या दोन पॅकेटांत दिसतं. दोन्हींत `SACK_PERM` असलं पाहिजे. मात्र फायरवॉलच्या एकाच बाजूला वायरशार्क चालवलं तर फसायला होतं, म्हणून ते दोन्ही टोकांना चालवून ताडून बघावं.